जर्मनीतल्या मित्राला स्टीमवर गेम भेट द्यायचाय, पण गिफ्ट अडतंय

चिमणचारा

मंडळी, एक अडचण आहे. आमच्या कॉलेजच्या ग्रुपमधला अभ्या गेल्या वर्षी मास्टर्ससाठी जर्मनीला गेला. हॅनोव्हरला असतो. १२ दिवसांनी त्याचा वाढदिवस आहे. आम्ही सगळे रात्र रात्र एकत्र खेळायचो, म्हणून यंदा केक-फुलांच्या ऐवजी त्याला स्टीमवर बाल्डर्स गेट ३ द्यावा असं ठरवलं. आपल्याकडे तो २,९९९ रुपयांना दिसतोय.

गेम कार्टमध्ये टाकला, This is a gift निवडलं, यादीतून अभ्याचं नाव शोधलं, तर त्याच्या नावावर पाठवताच येत नाही. दोघांच्या देशांतल्या किमतीत फरक आहे अशा अर्थाचं काहीतरी येतं. पैसे अजून गेलेले नाहीत. तोच गेम सांगलीतल्याच दुसऱ्या मित्राच्या नावावर मात्र व्यवस्थित पुढे जातोय.

हे माझ्या कार्डामुळे होतंय का त्याच्या अकाउंटमुळे? आणि काही सरळ मार्ग आहे का? अभ्याला कळू न देता जमलं तर उत्तम.

गल्लीबोळ

सोप्पं आहे. गूगल प्लेचं गिफ्ट कार्ड घे, कोड व्हॉट्सॅपवर पाठव, काम खल्लास. मी माझ्या चुलतभावाला दर दिवाळीला असंच देतो.

चिमणचारा

अरे पण स्टीम आहे, फोनवरचा गेम नाही. आणि तुझा चुलतभाऊ कुठे राहतो?

गल्लीबोळ

चिंचवडला.

खडीसाखर

=)) =))

रात्रपाळी

गल्लीबोळ, चिंचवडपर्यंत ते बरोबरच आहे. सीमा ओलांडली की संपलं. भारतात घेतलेला गूगल प्लेचा कोड भारताच्या प्ले अकाउंटवरच चालतो. ॲपलच्या कार्डाचंही तेच, ज्या देशाचं कार्ड त्याच देशाचं अकाउंट लागतं. आणि प्लेचा देश वर्षातून एकदाच बदलता येतो, जुन्या देशातली शिल्लक नव्या देशात येत नाही. त्यामुळे 'दोन दिवस भारत कर, कोड टाक, मग परत जर्मनी कर' हा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका.

चिमणचारा, तुझं कार्ड ठीक आहे. अडलंय ते अभ्याच्या स्टोअरच्या देशावर. स्टीमवर प्रत्येक अकाउंटला एक देश असतो आणि त्याप्रमाणे चलन. तुझा भारत आणि रुपये. अभ्याने तिकडे गेल्यावर तिथल्या कार्डाने काहीतरी विकत घेतलं असणार, म्हणून त्याचा देश जर्मनी झाला आणि वॉलेट युरोत गेलं.

२०१७ च्या मे महिन्यापर्यंत गिफ्ट विकत घेऊन आपल्या इन्व्हेंटरीत साठवता यायचं, ईमेलनेही पाठवता यायचं. लोक स्वस्त देशात गठ्ठ्याने गेम घेऊन महाग देशात विकायचे. मग स्टीमच्या कंपनीने, वाल्वने, ते बंद केलं. आता गिफ्ट थेट मित्राच्या अकाउंटलाच जातं, आणि दोन देशांतल्या किमतीत मोठा फरक असला तर पैसे घेण्याआधीच अडवतात. एका परीने हे बरंच आहे, कारण गेलेलं गिफ्ट समोर उघडलंच नाही असं होत नाही.

तुझ्या बाबतीत हिशोब बघ. तिकडे हा गेम ५९.९९ युरोला आहे. युरो शंभर रुपयांच्या आसपास धरला तर सहा हजार रुपये. तू देतेस तीन हजार. निम्म्याचा फरक आहे, अडवणारच.

खडीसाखर

मग किती फरक चालतो? मी कुठेतरी दहा टक्के वाचलं होतं.

रात्रपाळी

आकडा त्यांनी कधी जाहीर केलेला नाही. दहा टक्के हा लोकांनी करून बघून काढलेला अंदाज आहे.

खडीसाखर

मी दुबईच्या मैत्रिणीला एक छोटा इंडी गेम पाठवला होता, तो गेला. दोन्हीकडे किंमत जवळजवळ सारखी होती. पण दुसरा एक, ज्यात फरक पंधराएक टक्के असेल, तोही गेला असं आठवतंय. त्यामुळे दहा टक्क्यांवर माझा विश्वास नाही.

रात्रपाळी

असेल. म्हणून मी टक्के मोजत बसत नाही. कार्टमध्ये टाकून बघायचं, नाव निवडता आलं तर जातं. बघायला पैसे पडत नाहीत.

गल्लीबोळ

बरं, प्लेचं चुकलं माझं. पण यावर व्हीपीएन हा उपाय आहेच की. अभ्याने व्हीपीएनने भारत दाखवायचा, देश परत भारत करायचा, गिफ्ट घ्यायचं. किंवा दोघांनी टर्की करा, तिकडे तर कवडीमोल मिळतं.

रात्रपाळी

टर्की आणि अर्जेंटिनाचं ते दुकान २०२३ च्या नोव्हेंबरात उठलं. तिथे लिरा आणि पेसो काढून डॉलरमध्ये किमती लावल्या. ती युक्ती सांगणारे जुने व्हिडिओ अजून फिरतात, एवढंच.

आणि देश व्हीपीएनने बदलत नाही. बदलायला त्या देशाच्या पेमेंट पद्धतीने खरेदी पूर्ण करावी लागते, आणि तीन महिन्यांतून एकदाच बदलता येतो. व्हीपीएनने ठिकाण लपवणं त्यांच्या करारात स्पष्ट मना आहे. अभ्याच्या लायब्ररीत किती वर्षांचे गेम असतील? तीन हजार वाचवायला ते सगळं पणाला लावायचं का?

गल्लीबोळ

माझ्या रूममेटचं दोन वर्षं चाललंय, काही झालं नाही.

रात्रपाळी

चालतं तोवर चालतं. वाढदिवसाची भेट म्हणून दुसऱ्याच्या अकाउंटवर हा प्रयोग मी करणार नाही. स्वतःच्या अकाउंटवर ज्याने त्याने ठरवावं.

शैलाताई

नमस्कार. मलाही हेच विचारायचं होतं, म्हणून इथेच लिहिते. माझा भाचा न्यू जर्सीला असतो, तेरा वर्षांचा आहे. त्याला बीजीएमआयचे यूसी, म्हणजे त्या गेममधले पैसे, हवेत. मी माझ्या फोनवर बीजीएमआय उतरवून घेतलं, पण त्याने दिलेला आयडी शोधला की सापडतच नाही. नेटवर्कमुळे असेल का?

रात्रपाळी

शैलाताई, नेटवर्क नाही. बीजीएमआय हा फक्त भारतासाठीचा वेगळा गेम आहे, २०२१ च्या जुलैत क्राफ्टनने आणलेला. भाचा तिकडे खेळतो तो पबजी मोबाईल. दिसायला जुळी भावंडं, पण खाती वेगळी, यूसी वेगळे. तुमच्या बीजीएमआयमधून त्याला काही पाठवता येणार नाही.

आणि एक सांभाळा. पबजी मोबाईलचा आयडीही नुसता आकड्यांचा असतो. टॉप-अपच्या पानावर चुकून बीजीएमआय निवडून तो आयडी टाकलात आणि योगायोगाने तो आकडा इथल्या कोणाचा निघाला, तर यूसी त्या अनोळखी मुलाला जातील. चांगल्या पानावर आयडी टाकला की खेळाडूचं नाव समोर येतं. ते नाव भाच्याला फोन करून विचारा आणि मगच पैसे भरा. नाव न दाखवता पैसे मागणारं पान असेल तर तिथून उठा.

शैलाताई

अगंबाई. तो म्हणाला "मावशी, पबजी", मी म्हटलं इथे पबजीला बीजीएमआयच म्हणतात. मग आता त्याला कसं देऊ?

टोरंटोकर

ताई, मी इकडे दोन मुलांचा बाप आहे, म्हणून सांगतो. बहिणीला फोन करा. ती तिथल्या दुकानातून अमेरिकेचं कार्ड घेईल किंवा त्याच्या अकाउंटवर स्वतः भरेल. तुम्ही तिच्याशी हिशोब पुढच्या भेटीत करा, नाहीतर तिकडे तिच्या सासूबाईंना साडी घेऊन द्या. इंटरनेटवर अमेरिकेचं कार्ड भारतीय कार्डाने विकत घ्यायला गेलात तर पुष्कळ दुकानं बिलाचा पत्ता अमेरिकेतला मागतात आणि शेवटच्या पायरीला नकार देतात.

शिवाय तेरा वर्षांच्या मुलाला पैसे टाकण्याआधी आईला विचारलेलं बरं असतं. माझ्या मेव्हण्याने न विचारता पाठवले होते, त्यावरून आमच्या घरात आठवडाभर महाभारत झालं.

शैलाताई

बहिणीलाच विचारते. साडीचं मात्र तिला सांगत नाही.

पिवळाधमक

धागा भरकटायच्या आत माझाही एक अनुभव लिहितो, कारण याच वाटेने लोक फसतात.

माझा मित्र कतारला आहे. तो एक मोबाईल गेम खेळतो, त्यात त्याला हिरे भरून द्यायचे होते. अधिकृत दरापेक्षा चाळीस टक्के कमी दराने देणारा एक विक्रेता टेलिग्रामवर सापडला. नुसता आयडी द्या, पासवर्ड नको, दहा मिनिटांत जमा. खरंच दहा मिनिटांत जमा झाले. मित्र खूश, मी खूश. मी त्या विक्रेत्याची चार जणांकडे तारीफही केली.

तीन आठवड्यांनी मित्राचा मेसेज आला की माझे हिरे उणे झालेत. उणे म्हणजे शून्याच्या खाली. वापरलेले हिरेसुद्धा वजा. ते भरून काढेपर्यंत काही विकत घेता येईना. विक्रेत्याला विचारलं तर त्याने आधी 'सर्व्हर इश्यू' सांगितलं, मग ब्लॉक केलं.

रात्रपाळी

हे चोरीच्या कार्डाचं किंवा मुद्दाम रिफंड मारण्याचं प्रकरण असतं. तुझे रुपये त्याने खिशात घातले आणि हिरे कोणाच्या तरी भलत्याच कार्डावर घेतले. कार्डाच्या मालकाला स्टेटमेंट आल्यावर कळलं, त्याने बँकेकडे तक्रार केली, बँकेने गेम कंपनीकडून पैसे परत घेतले, आणि कंपनीने हिरे ज्याच्या खात्यात गेले त्याच्याकडून वसूल केले. म्हणून तीन आठवडे लागले. दहा मिनिटांत जमा झाले म्हणजे विक्रेता खरा, असं यात धरताच येत नाही, कारण खोटेपणा जमा होताना दिसत नाही.

चाळीस टक्के सूट टॉप-अपमध्ये येणार कुठून? गेमवाल्यांची स्वतःची ऑफर असते ती खेळाच्या आत किंवा त्यांच्या पानावर दिसते. बाहेरच्या माणसाकडे एवढं मार्जिन नसतं.

पिवळाधमक

आता कळतंय. तेव्हा वाटलं आपणच हुशार. तक्रार करावी का अजून? पंधराशे रुपये होते.

टोरंटोकर

कर. १९३० ला फोन कर किंवा cybercrime.gov.in वर. पैसे यूपीआयने गेले असतील तर व्यवहाराचा नंबर जवळ ठेव. मात्र हे लगेच केलं तर उपयोग जास्त, तीन आठवड्यांनी पैसे अडवायला काही उरलेलं नसतं बहुतेक.

पिवळाधमक

मित्र म्हणतो जाऊ दे, तुझा हेतू चांगला होता. पण उणे हिरे त्याने स्वतःच्या पैशांनी भरले, ते मला लागतं.

बांगडाफ्राय

गोव्यातून लिहितो. आयडीवर भरणं सगळंच वाईट नाही हं. मी सिंगापूरच्या दोस्ताला दर महिन्याला गेनशिन इम्पॅक्टमध्ये वेल्किन मून हा महिन्याचा पास देतो. पैज हरलो होतो, सहा महिन्यांची. कंपनीच्या स्वतःच्या पानावर त्यालाच लॉगिन करावं लागतं, म्हणून मी तिथे जात नाही. यूआयडी आणि सर्व्हर घेणारी अधिकृत भागीदार दुकानं आहेत, तिथून भरतो.

गंमत म्हणजे इथे देशापेक्षा सर्व्हर महत्त्वाचा. पहिल्यांदा मी सर्व्हरच्या जागी अमेरिका निवडून बसलो होतो, तर त्याचा आयडी स्वीकारेना. मग त्यानेच सांगितलं की यूआयडीचा पहिला आकडा बघ. ६ असेल तर अमेरिका, ७ युरोप, ८ आशिया, ९ म्हणजे तैवान-हाँगकाँग-मकाव. नव्या आशिया खात्यांना १८ ने सुरू होणारेही आहेत. माणूस राहतो कुठे याचा काही संबंध नाही. माझी बहीण लंडनला आहे आणि तिचं खातं आशियावर, कारण सुरुवात म्हापशात केली होती.

चिमणचारा

पैज काय होती?

बांगडाफ्राय

ते सांगण्यासारखं नाही. पण टॉप-अपबद्दल एक सांगतो. क्रिस्टलचे पॅक पहिल्यांदा घेतले की दुप्पट मिळतात, प्रत्येक पॅकला एकदा. मी एकदा त्याला न विचारता छोटा पॅक भरला आणि त्याची त्या पॅकची दुप्पट संधी वापरून टाकली. तो ती एका पात्रासाठी राखून बसला होता. दोन दिवस बोलला नाही. तेव्हापासून फक्त वेल्किन, त्यात दुपटीची भानगड नाही. ३०० क्रिस्टल लगेच आणि मग ३० दिवस रोज ९० प्रिमोजेम. तो रोज लॉगिन करणाऱ्यातला आहे म्हणून परवडतं. आठवड्यातून एकदा खेळणाऱ्याला वेल्किन देऊ नका, न उघडलेले दिवस वाया जातात.

चिमणचारा

हे सगळं भारी आहे, पण माझा अभ्या राहिला. रात्रपाळी, मग माझ्यासाठी मार्ग कुठला?

रात्रपाळी

डिजिटल गिफ्ट कार्ड. store.steampowered.com/digitalgiftcards हे पान उघड. ठराविक रकमा दिसतील. एक निवडायची, मित्रांच्या यादीतून अभ्या निवडायचा, निरोप लिहायचा, पैसे भरायचे. यात कोड नसतो, त्यामुळे कोणी मध्येच पळवणं नाही, चुकीच्या देशाचं निघणं नाही. रक्कम त्याच्या वॉलेटला त्याच्या चलनात जाते. तू रुपये दिलेस तरी त्याला युरो दिसतील. त्याने स्वीकारायचं, नाकारलं तर पैसे तुला परत.

दोन अटी आहेत. मैत्री किमान तीन दिवस जुनी हवी, तुमची आहेच. आणि हे कार्ड स्टीम वॉलेटमधल्या पैशांनी घेता येत नाही, यूपीआय किंवा बँकेचं कार्ड लागेल.

पण एक कडू गोष्ट आधीच सांगतो. तीन हजार पाठवलेस तर तिकडे साधारण तीस युरो पोचतील आणि गेम साठचा आहे. म्हणजे निम्माच. भारतातली स्वस्ताई पार्सल करून पाठवता येत नाही, किंमत तो राहतो तिथली लागते.

चिमणचारा

म्हणजे सहा हजार. एवढे नाहीयेत एकटीकडे.

माझ्या वॉलेटमध्ये मात्र अठराशे रुपये पडून आहेत, ते कार्डाला चालणार नाहीत म्हणतोस. त्यांचं काहीच करता येणार नाही का त्याच्यासाठी?

रात्रपाळी

तो काउंटर-स्ट्राइक खेळतो का?

चिमणचारा

दिवसरात्र.

रात्रपाळी

मग येईल. स्टीमच्या कम्युनिटी मार्केटवर वॉलेटच्या पैशांनी स्किन, म्हणजे गेममधल्या बंदुकीचं रंगरूप, घे आणि त्याला ट्रेड ऑफर पाठव. ट्रेडला देशाच्या किमतीची अडवणूक नाही. पण वेळ लागतो. मार्केटवर घेतलेली स्किन सात दिवस तुझ्याकडेच अडकून राहते, त्याआधी ट्रेड होत नाही. तुझ्याकडे १२ दिवस आहेत, म्हणजे आज-उद्या घेतलीस तर जमेल. दोघांच्याही फोनवर स्टीम गार्ड आहे ना? ते आत्ता चालू केलं तर मुदती नव्याने मोजतात आणि वाढदिवस निघून जाऊ शकतो. त्याच्याकडे पोचल्यावरही पुढचे सात दिवस त्याला ती विकता किंवा दुसऱ्याला देता येणार नाही, २०२५ पासून ट्रेड उलटवायची सोय आणलीय म्हणून. खेळताना वापरता येते, तेवढं पुरे.

ऑफर पाठवायची ती त्याच्या प्रोफाइलवर जाऊन तिथूनच पाठव. चॅटमध्ये कोणी दिलेल्या लिंकवरून लॉगिन करू नकोस. आणि ऑफर पाठवताना फोनवर पुष्टी मागेल तेव्हा समोरचं नाव, त्याची स्टीमवरची पातळी आणि खातं किती जुनं आहे ते वाच. नावं आणि फोटो हुबेहूब नकलणारे लोक असतात.

खडीसाखर

स्किन की गेम? स्किन देणं म्हणजे गणपतीत आरतीऐवजी नुसती लायटिंग बघायला नेण्यासारखं आहे.

बांगडाफ्राय

सीएसवाल्याला विचार, त्याला स्किनच हवी असते.

चिमणचारा

मी आता ग्रुपवर विचारलं. राहुल आणि पिंकी पण देतायत. तिघांनी प्रत्येकी पंधराशे दिले तर साडेचार हजार, म्हणजे ४५ युरोच्या आसपास. राहुलने स्टीमवर आजवर एक रुपया खर्च केलेला नाही, फक्त फुकटचे गेम खेळतो. त्याला अभ्याला फ्रेंड रिक्वेस्ट पाठवताच येत नाहीये. तो म्हणतो बटण बंद आहे.

रात्रपाळी

पाच डॉलरएवढा खर्च न केलेलं अकाउंट मर्यादित असतं. त्याला रिक्वेस्ट पाठवता येत नाही, पण आलेली स्वीकारता येते. त्यामुळे अभ्यानेच राहुलला रिक्वेस्ट पाठवायला हवी. पण मग त्याला वास लागणार. आणि स्वीकारल्यापासून तीन दिवस मोजायचे, हे विसरू नका. वाढदिवसाच्या आदल्या रात्री मैत्री केलीत तर कार्ड पाठवता येणार नाही.

सोपं म्हणजे राहुलने त्याचे पंधराशे तुला द्यावेत आणि तू एकटीने पाठव.

चिमणचारा

ते खरंच सोपं होतं. आम्ही पाऊण तास ग्रुपवर अभ्याला कसं पटवायचं यावर चर्चा करत होतो.

खडीसाखर

पण ४५ युरोत साठचा गेम कसा येईल?

रात्रपाळी

सेलमध्ये वीस-पंचवीस टक्के सूट लागली की ४५ ते ४८ च्या घरात येतो. कार्डाचा हाच फायदा, पैसे वॉलेटला पडून राहतात आणि तो सेलची वाट बघू शकतो. वाढदिवसाच्या दिवशी उघडायला मात्र काही नसेल, त्यासाठी ती स्किन.

आणि कोणताही गेम ठरवण्याआधी तो त्याच्या दुकानात दिसतो ना, हे गप्पांच्या ओघात विचारून घ्यावं. २०२४ च्या नोव्हेंबरपासून जर्मनीत वयाचं रेटिंग नसलेले गेम स्टीमवर दिसतच नाहीत. बाल्डर्स गेटला ती अडचण नाही, पण छोट्या इंडी गेमना येते.

टोरंटोकर

चिमणचारा, पैसे भरताना एक लक्षात ठेव. यूपीआय कधी कधी लटकतं. पैसे गेलेले दिसतात आणि स्टीमवर खरेदी 'प्रलंबित' राहते. घाबरून दुसऱ्यांदा भरू नकोस. खरेदीच्या इतिहासात बघ, तिथे प्रलंबित असेल तर थांब. आणि बँकेचं कार्ड वापरणार असशील तर आधी बँकेच्या ॲपमध्ये परदेशी व्यवहार चालू आहेत का बघ. २०२० पासून कार्डं मुळात देशांतर्गतच चालू करून देतात. रुपयांत किंमत दिसत असली तरी काही बँका असा व्यवहार परदेशी धरतात.

गल्लीबोळ

अरे पण हे सगळं आता बेकायदा नाही का झालं? ऑगस्टमध्ये ऑनलाइन गेमिंगवर बंदी आली ना २०२५ ला.

रात्रपाळी

बंदी पैसे लावून पैसे जिंकायच्या खेळांवर आहे. ई-स्पोर्ट्स आणि नुसते खेळायचे गेम त्यातून वेगळे ठेवलेत. मित्राला गेम घेऊन देणं म्हणजे जुगार नव्हे.

गल्लीबोळ

बरं. आज माझं काही खरं नाही.

पिवळाधमक

माझ्यापेक्षा बरं आहे तुझं. तू फक्त बोललास, मी पैसे भरले.

चिमणचारा

आज स्किन घेतली. एके-४७ ची, निळीजांभळी, चौदाशे रुपयांची. मार्केटवर पुढच्या आठवड्याची तारीख दाखवतेय, म्हणजे वाढदिवसाच्या चार दिवस आधी मोकळी होईल. कार्ड त्याच्या दिवशीच सकाळी पाठवेन. पिंकी म्हणते निरोपात "निम्मा केक" असं लिही.

चिमणचारा

(अकरा दिवसांनी)

सांगायला आले. स्किन काल गेली, त्याने लगेच स्वीकारली आणि ग्रुपवर चार स्क्रीनशॉट टाकले. कार्ड आज सकाळी यूपीआयने भरलं, एकदाच, लटकलं नाही. त्याच्या वॉलेटला ४३ युरो आणि काही सेंट दिसले. अंदाजापेक्षा थोडे कमी, दर त्या दिवशीचा लागला असणार.

आता खरी गोची. अभ्या म्हणतो गेम चौघांनी मिळून खेळायचा असतो, मी एकट्याने घेऊन काय करू, तुम्हीपण घ्या. म्हणजे आम्हा तिघांना प्रत्येकी २,९९९.

खडीसाखर

=)) भेट महागात पडली.

गल्लीबोळ

स्टीम फॅमिली करा ना, एकाने घ्यायचा, चौघांनी खेळायचा.

रात्रपाळी

फॅमिलीत सगळे एकाच देशातले हवेत, अभ्या त्यात बसत नाही. आणि एका प्रतीवर एका वेळी एकच जण खेळू शकतो. पण तुमच्या तिघांच्या बाबतीत निदान गिफ्ट अडणार नाही, सगळे रुपयांतले आहात.

टोरंटोकर

जाता जाता माझा प्रश्न. पुतण्या ठाण्याला आहे, त्याचा प्लेस्टेशन. मी इकडचं कॅनडाचं कार्ड पाठवलं तर चालत नाही, हे एकदा पैसे घालवून शिकलो. त्याच्या खात्याचा देश भारत आहे आणि तो बदलताही येत नाही. मग इकडून भारताचं कार्ड घ्यायचं तर कुठून? कोणी केलंय का?

शैलाताई

मी केलेलं नाही, पण तुमच्या भावाला फोन करा की. साडी पाठवा वहिनींना.